वडिलांची कोरडी विहीर

भूजलावर बोलणाऱ्या एका सरांची ओळख मी आजवर वीसेक वेळा करून दिली असेल. त्यांच्या परिचयाचा एक मूळ मजकूर माझ्याकडे कायम तयार असतो. साधारण सव्वाशे शब्दांचा, म्हणजे सव्वा मिनिटाचा. वर शेवटची खात्री केल्याची तारीख, कारण 'सध्या अमुक समितीवर' हे वाक्य सगळ्यात आधी शिळं होतं. 'डॉक्टर' एकदाच. नाव अगदी शेवटी, म्हणजे टाळ्या नावावर पडतात. संयोजक चार पानी बायोडेटा पाठवतात आणि त्यातला एकही पुरस्कार गाळलेला त्यांना चालत नाही. ते भांडण दर वेळी ठरलेलं.

मधली तीन-चार वाक्यं श्रोत्यांनुसार बदलतात. अभियांत्रिकीच्या मुलांसमोर त्यांचा प्रबंध: काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं, त्याचा माग. क्लबच्या जेवणाआधी त्यांचं पुस्तक. शेतकऱ्यांसमोर मात्र प्रबंध, पुस्तक, पुरस्कार सगळं काढायचं आणि ते कोणकोणत्या तालुक्यांत किती विहिरींच्या काठावर उभे राहिले, तेवढंच सांगायचं.

त्या दिवशी गावातल्या देवळासमोर मंडप होता. समोर पागोटी, टोप्या, मागे बायका. मला वाटलं, नुसते तालुके कोरडे वाटतील. म्हणून एका जुन्या भाषणात त्यांच्याच तोंडून ऐकलेली गोष्ट मी परिचयात घातली: शिकून आल्यावर त्यांनी स्वतःच्या वडिलांना विहिरीची जागा दाखवली, चाळीस फूट खणलं आणि खाली अखंड खडक लागला. मंडप खळखळून हसला. मी खूश.

सर उठले. माईकपाशी आले, चष्मा पुसला. मग पावसाच्या आकडेवारीपासून सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं लोक चुळबुळत होते. मला तेव्हा कळलं: ती विहीर ही त्यांची सुरुवात होती. 'मी चुकलो होतो' हे त्यांनी स्वतः म्हटलं की शेतकरी त्यांचं पुढचं ऐकून घेतो. तेच माझ्या तोंडून गेलं की उरतो फक्त विनोद, तोही सरांवर.

परतीच्या गाडीत मी माफी मागितली. ते म्हणाले, "छान सांगितलंत हो तुम्ही." यात टोमणा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या भाषणांत ऐकलेल्या गोष्टी आता मी मजकुराखाली लाल अक्षरांत टिपून ठेवते, वर लिहिलंय: 'सरांच्या. हात लावायचा नाही.' शिवाय आदल्या रात्री फोन करून विचारते, "सर, उद्या सुरुवात कशानं करणार?"

परवा म्हणाले, "बघू, तुम्ही काय सांगता त्यावर."