वर्गसमीकरणांच्या तासाचं शीर्षक

आमच्या क्लासचे तास रेकॉर्ड होतात आणि त्यांचं शीर्षक, वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आहे. त्या दिवशी दहावीच्या वर्गसमीकरणांचा तास चढवायचा होता. सरांनी शीर्षक सुचवलं होतं : ‘बोर्डात हमखास येणार! ४० पैकी ४०’. मला ते पटत नव्हतं. बोर्डाचा पेपर कोणी पाहिलेला नसतो आणि हमखास गुणांची हमी देऊन मुलं जमवणं मला चुकीचं वाटतं. शिवाय त्यात इयत्ता नव्हती, धडा नव्हता, माध्यमही नव्हतं. सेमीच्या मुलाने तो तास लावला, तर ‘विवेचक’ म्हणजे काय इथेच तो अडकणार.

मी लिहिलं : ‘वर्गसमीकरणे, सूत्र पद्धत | दहावी गणित भाग १ | महाराष्ट्र बोर्ड, मराठी माध्यम’. धड्याचं नाव मुद्दाम आधी, कारण मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच कापलं जातं.

वर्णन लिहीत होते तेवढ्यात एक ताई फी भरायला आल्या. शिवणकाम करतात, स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी विचारलं, “मॅडम, पोरगा मोबाइलवर तास बघतो. संपल्यावर मी त्याला काय विचारू? मला तर त्यातलं काही कळत नाही.”

मी वर्णन बाजूला ठेवून त्यांच्यासमोर कागदावर गणित मांडलं : x² − 3x − 10 = 0. इथे b ची किंमत −3, म्हणून सूत्रातलं −b होतं +3. विवेचक 9 + 40 = 49, त्याचं वर्गमूळ 7, आणि उत्तरं 5 व −2. पुष्कळ मुलं −b च्या जागीही −3 च लिहितात. मग उत्तरं 2 आणि −5 येतात, वही अगदी नीटनेटकी दिसते आणि चूक नजरेतून निसटते. पण 5 मूळ समीकरणात ठेवला की 25 − 15 − 10, म्हणजे शून्य. 2 ठेवला की 4 − 6 − 10, म्हणजे −12. “शून्य आलं का, एवढंच विचारा,” मी म्हटलं. ताईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

वर्णनाची पहिली ओळ मग पालकांसाठीच झाली : ‘तास संपल्यावर मुलाला दोन्ही उत्तरं मूळ समीकरणात ठेवून दाखवायला सांगा, दोन्ही वेळा शून्य यायला हवं.’ क्लासचा पत्ता आणि फोन नंबर खाली गेले. सरांना ते वर हवे होते, पण वर्णन उघडण्याआधी जेमतेम दोन-तीन ओळीच दिसतात आणि त्या कामाच्याच असाव्यात असा मी आग्रह धरला. त्याखाली 0:00 पासून वेळा टाकल्या : सूत्र, सोडवलेली उदाहरणं, चिन्हांच्या चुका. उजळणी करणाऱ्या मुलाला थेट हव्या त्या भागावर जाता येतं.

संध्याकाळी गणिताच्या सरांनी वर्णन वाचलं आणि एक उणीव दाखवली. शून्य आलं म्हणजे उत्तर बरोबर, पण पेपरात पायऱ्यांनाही गुण असतात. मुलाने अवयव पाडून किंवा अंदाजाने 5 आणि −2 काढले, तरी शून्य येणारच. प्रश्न सूत्राचा असेल तर गुण मात्र जातील. म्हणून दुसरी ओळ जोडली : ‘वहीत a, b, c च्या किंमती, सूत्र आणि त्यात ठेवलेल्या किंमती वेगवेगळ्या ओळींवर लिहिल्या आहेत का, तेही बघा.’