कोल्हापूर ते बेंगळुरू, आधी गाडी गेली, मग फाईल गेली (दोनदा)

माझी १२५ सीसीची बाईक, २०२१ ची, एमएच-०९ पासिंग. बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा ठरवलं गाडी इथेच विकायची नाही, घेऊन जायची. सगळं नावावर होऊन केए नंबर लागेपर्यंत दहा महिने गेले आणि त्यातले निदान चार महिने माझ्या एका चुकीमुळे गेले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी प्रवासाचं उरकतो. ट्रान्सपोर्टवाल्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी चालवतच न्यायचं ठरवलं. एनएच-४८ धरला की कागल, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर असं सरळ सहाशे-सव्वासहाशे किलोमीटर आहे. दुचाकीला टोल नाही, डावीकडच्या लेनने निघायचं. एका दिवसात होतं म्हणणारे भेटतील पण १२५ सीसीवर पाठीला सॅक बांधून ते नको, मी दावणगिरीला मुक्काम टाकला आणि सकाळी बेन्ने डोसा खाऊन निघालो, त्यात लोणी इतकं होतं की चित्रदुर्गच्या पवनचक्क्या दिसेपर्यंत डोळे जड होते. वाटेतल्या पेट्रोलच्या पावत्या मी ठेवल्या, हिशेबासाठी नाही, त्या का ठेवायच्या ते पुढे येतंय.

रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गोणपाटात पॅकिंग लागतं, आणि पार्सल ऑफिसला आरसी, इन्शुरन्सची झेरॉक्स आणि ओळखपत्र लागतं. आरसा आणि इंडिकेटर काढून बॅगेत ठेवा, ते दुसऱ्या टोकाला अखंड मिळाले तर नशीब.

आता मुद्दा. पहिला प्रश्न हा की नंबर बदलायची गरज आहे का. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर नवीन नंबर घ्यावा लागतो. म्हणजे आठ महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी चाललाय तर या भानगडीत पडूच नका, फक्त तुम्ही कधी आलात ते दाखवता आलं पाहिजे. म्हणून त्या पेट्रोलच्या पावत्या, भाडेकरार, जॉइनिंग लेटर, रेल्वेची पार्सल पावती हे सगळं मोबाईलमध्ये ठेवा, रस्त्यात अडवलं की कामाला येतं. आणि राज्यातल्या राज्यात, म्हणजे कोल्हापूरची गाडी नाशिकला नेली तर नंबर तोच राहतो, फॉर्म ३३ भरून फक्त पत्ता बदलायचा.

मला बेंगळुरूत चार-पाच वर्षं तरी राहायचं होतं, त्यामुळे कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घ्यायचीच होती. इथून माझी गंमत सुरू.

मी Parivahan वर एनओसीचा अर्ज टाकायला बसलो तर ओटीपी येईना. बघतो तर आरसीला जोडलेला मोबाईल नंबर माझा नाहीच, गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्या पोराने स्वतःचा टाकला होता. हे फार जणांचं झालेलं असतं. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि रजिस्ट्रेशनची तारीख टाकून मोबाईल नंबर बदलता येतो, ते आधी करून घ्या. दुसरं, माझं कर्ज केव्हाच फिटलं होतं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच! बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का घेऊन तो बोजा उतरवल्याशिवाय पुढे सरकता येईना. कर्ज अजून चालू असेल तर गाडी परराज्यात न्यायला बँकेचं वेगळं संमतीपत्र लागतं. तिसरं म्हणजे ई-चलन. माझ्या नावावर एक पाचशेचं नो पार्किंगचं होतं, मला पत्ताच नव्हता, ते भरलं. पीयूसी आणि इन्शुरन्स चालू असलं पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

मग `parivahan.gov.in` वर Application for No Objection Certificate हा पर्याय. फॉर्म २८ तयार होतो, त्याच्या प्रती, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि गाडी चोरीची नाही याचा एनसीआरबीचा रिपोर्ट, तो ऑनलाईन निघतो. आणि चेसिस प्रिंट.

चेसिस प्रिंट साधी गोष्ट वाटते पण माझी पहिली परत आली. बऱ्याच बाईकना नंबर हँडलखालच्या मानेवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो, तसाच माझ्याही. हँडल पूर्ण डावीकडे वळवायचं, पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तिथला मळ काढायचा, पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी धरून हलकी घासायची. मी मळ न काढता जोर लावून घासली तर ८ आणि बी सारखेच दिसायला लागले. बाहेर बसलेल्या एका काकांनी पेन्सिलीचा शिसा नंबरवर घासून वरून सेलोटेप चिकटवून अलगद उचलली, आणि ती टेप कागदावर लावली, सतराही आकडे-अक्षरं स्वच्छ. तेव्हापासून मी तसंच करतो.

आता चूक. अर्जात विचारतात गाडी कुठल्या आरटीओकडे न्यायची. बेंगळुरूत आरटीओ एक नाही, डझनभर आहेत, इलेक्ट्रॉनिक सिटी केए-५१, के. आर. पुरम केए-५३, इंदिरानगर केए-०३, जयनगर केए-०५ असे. मी निघायच्या आधीच उत्साहात पीजीच्या पत्त्यावरून केए-५१ टाकून एनओसी घेऊन टाकली. तिकडे गेल्यावर दोन महिन्यांत टीम व्हाइटफिल्डला हलली, मी तिकडे फ्लॅट घेतला, भाडेकरार त्या पत्त्याचा झाला. करार घेऊन केए-५३ ला गेलो तर एनओसीवर दुसऱ्या आरटीओचं नाव. केए-५१ ला जावं तर माझा पत्ता त्यांच्या हद्दीत नाही. दोघांचंही बरोबर आहे, चूक माझी. शेवटी मूळ एनओसी कोल्हापूरला परत देऊन ती रद्द करून, नवीन घ्यावी लागली. त्यासाठी गाडी परत न्यावी लागली नाही माझ्या वेळी, बेंगळुरूतच चेसिस प्रिंट काढून रात्रीच्या बसने फाईल घेऊन गेलो, पण दोन सुट्ट्या गेल्या. त्यामुळे, आधी घर पक्कं, रजिस्टर भाडेकरार हातात, मग त्या घराचं आरटीओ कुठलं ते बघून एनओसी. गाडी आधी नेली तरी काही बिघडत नाही, वर सांगितलेले १२ महिने आहेतच.

कायद्यात असंही आहे की एनओसीच्या अर्जावर ३० दिवसांत होय-नाही कळवलं नाही तर ती मिळाली असं धरतात. पण त्याच्या भरवशावर राहू नका, हातात कागद आणि Vahan वर गाडीपुढे NOC ISSUED दिसल्याशिवाय पुढच्या आरटीओत कोणी उभं करत नाही. आणि एकदा ते दिसायला लागलं की जुन्या आरटीओत त्या गाडीचं दुसरं काही काम होत नाही, म्हणजे बोजा उतरवणं वगैरे सगळं आधीच.

बेंगळुरूच्या आरटीओत फॉर्म २७ (नवीन नंबरसाठी), मूळ एनओसी, मूळ आरसी, भाडेकरार, इन्शुरन्स, पीयूसी, पॅन, परत एकदा चेसिस प्रिंट, आणि गाडी घेतल्याचं मूळ इन्व्हॉइस. हे इन्व्हॉइस महत्त्वाचं, कारण कर्नाटकचा लाईफटाईम टॅक्स इन्व्हॉइसच्या किमतीवर लागतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो. माझे सात हजारांच्या वर गेले, बाकी फिया किरकोळ आहेत, दुचाकीच्या रजिस्ट्रेशनची फी ३०० आणि स्मार्ट कार्डाचे २००. गाडी इन्स्पेक्टरला दाखवावी लागते, ते चेसिस आणि इंजिन नंबर जुळवतात, मी आदल्या दिवशी धुवून नेली होती म्हणून दोन मिनिटांत सुटलो, माझ्या पुढचा माणूस चिखलाने माखलेली गाडी घेऊन आला होता, त्याला बाटलीभर पाणी आणायला पाठवलं. कन्नड येत नसेल तर घाबरू नका, सगळे फॉर्म इंग्रजीत असतात आणि 'स्वल्प हेळी' एवढं म्हटलं तरी समोरचा हसून सांगतो.

नंबर आल्यावर एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, नवीन लागते, जुनी एमएचची चालत नाही, उघडच आहे.

आता इन्शुरन्स, जे लोक विसरतात. पत्ता बदलला आणि नंबर बदलला, दोन्हीची नोंद पॉलिसीवर करून घ्यायची, याला एंडोर्समेंट म्हणतात. नवीन आरसीचा फोटो आणि जुन्या पॉलिसीचा नंबर देऊन मेल केला, चार दिवसांत सुधारित पॉलिसी आली, थोडे पैसे लागले. दुचाकीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता झोनवर असतो, पुणे, मुंबई, बेंगळुरू, चेन्नई अशी आठ शहरं झोन ए, कोल्हापूर झोन बी. मला वाटलं मोठा फरक पडेल, म्हणून टाळाटाळ केली होती, पण लहान गाडीला तो वर्षाला चहा-वड्याइतकाच निघाला, आणि थर्ड पार्टीच्या हप्त्याला तर झोन लागतच नाही. पण नोंद न करता अपघात झाला आणि पॉलिसीवर एमएच, आरसीवर केए असं निघालं तर क्लेमचा सर्व्हेयर त्यावरच अडून बसतो. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारा नो क्लेम बोनस, तसाच पुढे येतो, तुमच्या नावावर असतो तो, नंबरावर नाही.

राहिला महाराष्ट्रात भरलेला टॅक्स. राहिलेल्या काळाचा परतावा मूळ आरटीओकडे मागता येतो, पण केए ची आरसी आणि तिथे टॅक्स भरल्याची पावती हातात आल्यावरच. मी गणपतीला गेलो तेव्हा अर्ज दिला, कॅन्सल चेक जोडला, पोच घेतली. त्यात एनओसीची आणि जुन्या आरसीची प्रत मागितली, आणि माझ्या दोन्ही मूळ प्रती बेंगळुरूत जमा झालेल्या. नशिबाने मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला एनओसीचा फोटो सापडला, तो प्रिंट करून दिला. फाईल देण्याआधी प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी स्कॅन काढून ठेवा, त्या काउंटरवर गेलेला कागद परत दिसत नाही.