आवाज फाटतोय, पण पेपर फाटलाय का?

"भाऊ, टीव्हीचा आवाज साठच्या पुढे नेला की फाटतो. दुकानदार म्हणतो स्पीकर गेले, नवे टाका. खरंच गेले का, की सेटिंगचं काही असेल?"

आधी आवाज कमी करून ऐका. व्हॉल्यूम पंधरा-वीसवर ठेवा, एखादा जाड आवाजाचा वृत्तनिवेदक किंवा डग्ग्याचा ठेका लावा आणि कान टीव्हीच्या खालच्या कडेजवळ न्या, कारण हल्लीच्या टीव्हीत स्पीकर बहुतेक खाली तोंड करून बसवलेले असतात. एवढ्या कमी आवाजातही जाड सुरांवर बारीक खरखर येत असेल तर स्पीकरवर संशय घ्यायला जागा आहे. पंधरावर काचेसारखा स्वच्छ आणि साठनंतरच फाटत असेल, तर पैसे खर्च करायची घाई करू नका.

खान्देशात ही तक्रार मे महिन्यात का वाढते, याचं कारण सोपं आहे. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, खोलीत कूलर घोंघावत असतो आणि त्याच्यावर मात करायला टीव्ही तीसवरून सत्तरवर जातो. टीव्हीतला स्पीकर बहुधा आठ ते दहा वॅटचा, लांबट आणि हाताच्या तळव्यात मावेल एवढा. खोल बास त्याला मुळात झेपत नाही. शिवाय खोक्यावरचे दहा वॅट बऱ्याचदा आवाज चांगलाच बिघडलेला असताना मोजलेले असतात. त्यामुळे शंभरपैकी शेवटच्या वीस-पंचवीस आकड्यांत थोडं फाटणं हा बिघाड नसून त्या टीव्हीची कुवत आहे.

आता एक उदाहरण टप्प्याटप्प्याने पाहू. समजा अमळनेरच्या एका घरात 43 इंची टीव्ही आहे, सेटटॉप बॉक्स तीन रंगांच्या पिनांच्या केबलने जोडलाय, आणि साठनंतर 'आवाज फुटस' अशी तक्रार आहे. पहिलं काम म्हणजे बॉक्स बाजूला ठेवायचा. ज्या गाण्याचा आवाज मोबाइलवर हेडफोन लावून स्वच्छ ऐकू येतो, तेच गाणं पेनड्राइव्हवर टाकून थेट टीव्हीत लावा आणि कानाला बॉक्सइतकंच मोठं लागेल एवढा आवाज ठेवा. आकडा तोच असायची गरज नाही, कारण दोन वाटांची मूळ पातळी वेगळी असते. इथे लोक चुकतात. पेनड्राइव्हवर साठच ठेवतात, तो आवाज मुळात हळू निघतो, आणि मग बॉक्सच खराब आहे असं ठरवून मोकळे होतात.

समजा पेनड्राइव्हवर बोलणं स्वच्छ आलं. म्हणजे बोलण्यातली फाट बॉक्सच्या वाटेत आहे. बॉक्सचा स्वतःचा व्हॉल्यूम पाहिला तर तो पूर्ण शंभरावर. तीन पिनांच्या केबलवर असा पूर्ण जोराचा आवाज टीव्हीच्या आत शिरतानाच माथ्यावर कापला जाऊ शकतो, आणि एकदा कापलेला आवाज टीव्हीचा व्हॉल्यूम कमी केला तरी कापलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. बॉक्स पंचाहत्तर-ऐंशीवर आणा आणि बाकीची भर टीव्हीच्या रिमोटवर घाला. एचडीएमआयची सोय असेल तर ती केबल वापरा, म्हणजे ही भानगड बरीचशी मिटते. फक्त एकाच चॅनेलवर, विशेषतः गावच्या केबलच्या लोकल चॅनेलवर, फाटत असेल तर तुमच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तो तिकडूनच तसा येतो.

मग टीव्हीच्या साउंड मेनूत जा. मोड 'स्टँडर्ड' करा, बास शून्यावर आणा, सराउंड आणि आपोआप आवाज सारखा ठेवणारी सोय बंद करा. बास वाढवून ठेवला की स्पीकरच्या इवल्याशा पेपरला, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याला, झेपेल त्याहून जास्त हलावं लागतं, आणि फाटल्यासारखा आवाज चांगल्या स्पीकरमधूनही निघतो.

आपल्या उदाहरणात एवढं केल्यावर बोलणं सुधारलं, पण ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला एक फडफड शिल्लक राहिली, आणि ती पेनड्राइव्हवरही आली. आता बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे करून पाहा. फडफड फक्त डावीकडे. सेटिंगचा दोष साधारणपणे दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो, त्यामुळे एकाच बाजूची फडफड हा स्पीकरविरुद्धचा चांगला पुरावा आहे. तरी आधी मागच्या कव्हरवर तळहात घट्ट दाबून ऐका. दाबल्यावर थांबली तर सैल स्क्रू किंवा थरथरणारं प्लास्टिक. सेट भिंतीवर असेल तर खटखट ब्रॅकेटचीही असू शकते.

नाहीच थांबली तर कव्हर काढावं लागेल. प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा आणि पॉवर बोर्डला अजिबात हात लावू नका, त्यावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज उरलेला असू शकतो. ज्यांना बोर्ड ओळखता येत नाही त्यांनी हे काम मेकॅनिकवर सोडावं. सेट गादीवर स्वच्छ चादर अंथरून पालथा ठेवा, पॅनलवर जोर नको. डाव्या-उजव्या स्पीकरच्या पिना सारख्या असतील तर अदलाबदल करा. फडफड स्पीकरसोबत दुसऱ्या बाजूच्या वायरवर गेली तर दोष स्पीकरचा. ती जुन्याच वायरवर राहिली आणि आता चांगला स्पीकर फडफडू लागला, तर बोर्डावरचा अँप्लिफायर. नवे स्पीकर टाकूनही 'फरक नाही' म्हणणारे लोक बहुतेक या दुसऱ्या गटातले असतात. मोठ्या ठोक्याला चित्रही क्षणभर मंद होत असेल तर पॉवर सप्लाय दमतोय, तिकडे पाहा.

स्पीकर हातात आला की उजेडाकडे धरून पेपरची कड पाहा. कड सुटलेली किंवा चिरलेली असेल तर डोळ्यांना दिसते. मग मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवून पेपर अगदी हलका, एक-दोन मिलिमीटर, सरळ दाबा. चांगला पेपर गुपचूप आत जातो. वाळू घासल्यासारखं बोटांना जाणवलं तर पेपरला मागून चिकटलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, चुंबकाच्या फटीत घासते आहे. आपल्याकडची धूळ, लोखंडाचा बारीक कीस, उन्हाने नरम पडलेला गोंद, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. मल्टिमीटरवर आठ ओमचा स्पीकर साधारण साडेसहा ते साडेसात दाखवतो, पण आकडा बरोबर आला म्हणून पेपर धड आहे असं होत नाही. मीटरला फक्त तार तुटलेली कळते, घासणं कळत नाही.

कडेची लहान चीर पातळ टिश्यू पेपरचा तुकडा आणि पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद यांनी बुजते, रात्रभर वाळू द्या. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, तो कडक होतो आणि शेजारीच नवी चीर पडते. कॉइल घासत असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, स्पीकर बदला, आणि शक्यतो जोडीने, नाहीतर दोन बाजूंचे आवाज वेगळे वाटतात. मागे छापलेला ओमचा आकडा जुन्यासारखाच हवा. आठच्या जागी चार ओमचा लावला तर आवाज मोठा वाटेल, पण अँप्लिफायरची आयसी तापेल. आणि लाल-काळी वायर एका बाजूला उलटी लागली तर फाटणं थांबेल, पण बास गायब होऊन आवाज पोकळ वाटेल. तसं झालं तर फक्त त्या बाजूची वायर फिरवा.