बाबांची ठेव मोडली नव्हती, मुदत संपली होती

बाबांचं आयकर रिटर्न दरवर्षी मीच भरते. २०२४-२५ चं भरायला बसले तेव्हा बाबांनी पासबुक पुढे केलं आणि म्हणाले, "बघ गं, यंदा व्याज फार आलंय. टॅक्स बसणार."

मार्च २०२२ मध्ये त्यांनी चार लाखांची तीन वर्षांची ठेव केली होती, ७ टक्क्यांनी, व्याज मुदतीअंती. १० मार्च २०२५ ला खात्यात ४,९२,५७६ रुपये जमा झाले होते. ते ९२,५७६ रुपये यंदाचंच उत्पन्न, असा बाबांचा समज. पासबुक बघितलं तर कुणालाही तसंच वाटेल.

शाखेतून व्याजाचा दाखला आणला. त्यात फक्त बचत खात्याचे ८,४०० रुपये! ठेव गायबच. पण आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे बाबांच्या वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण, उघडलं तर तिथे व्याज ३९,४८४ दिसत होतं. ३१ हजारांचा फरक. परत शाखेत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "अहो, हा दाखला फक्त सध्या सुरू असलेल्या खात्यांचा निघालाय. ठेव बंद झाली ना, म्हणून आली नाही." ग्राहक क्रमांकावरून त्यांनी पुन्हा काढून दिला. आता ठेवीसमोर ३१,०८४ होतं आणि टीडीएस, म्हणजे बँकेने आधीच कापलेला कर, शून्य. दोन्ही मिळून बरोबर ३९,४८४.

उरलेले ६१,४९२ कुठे गेले? बँक अशा ठेवीवरचं व्याज दरवर्षी हिशोबात धरत जाते, हातात पैसे शेवटी आले तरी. आधीच्या वर्षांच्या रिटर्नच्या प्रती काढल्या. २०२३-२४ मध्ये ३०,९३९ दाखवलेले सापडले, त्याआधीचेही होते. तेव्हा ते आकडे पोर्टलनेच आधी भरून दिले होते आणि मी न बघता पुढे गेले होते, हे कबूल करते. नसते दाखवले, तर या वर्षी फक्त ३१,०८४ लिहिणं सोयीचं पण खोटं झालं असतं.

टीडीएस कापला नव्हता, कारण त्या वर्षी ज्येष्ठांच्या ५० हजारांपर्यंतच्या व्याजावर बँक तो कापत नव्हती. म्हणून कापलेल्या कराची नोंद असलेल्या फॉर्म २६एएस मध्ये या ठेवीचा मागमूस नव्हता. टीडीएस नाही म्हणजे कर नाही, असं मात्र नव्हे. व्याज दाखवावंच लागतं.

रिटर्नमध्ये ८,४०० "Interest from Savings Account" खाली आणि ३१,०८४ "Interest from Deposit" खाली वेगवेगळे टाकले. बाबा जुन्या करप्रणालीत आहेत, त्यामुळे कलम ८०टीटीबी खाली ज्येष्ठांना ५० हजारांपर्यंतची वजावट मिळत होती आणि तीत सगळे ३९,४८४ बसले. नवीन प्रणालीत ही वजावट नाही. पासबुकातला आकडा लिहिला असता, तर बचतीचं व्याज धरून १,००,९७६ झाले असते, आणि वजावटीनंतरही ५०,९७६ वर कर लागला असता.

दाखला मी पीडीएफ करून ठेवला. रिटर्नला तो जोडावा लागत नाही, पण विचारलं तर हातात हवा. बाबांनी मात्र त्याची झेरॉक्स काढून पासबुकात चिकटवली आहे, अगदी त्या जमेच्या ओळीशेजारी.