नऊवर अडलेला काटा

भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं की आमच्याकडे पहिली शिक्षा सेलला. काढायचा, तळहातावर चोळायचा, उलटासुलटा फिरवून पुन्हा बसवायचा. पूर्वी तर सेल उन्हातही ठेवायचे. गंमत अशी की यातलं फिरवणं कधीकधी खरंच लागू पडतं, आणि त्याचं श्रेय सेल उगाच खातो.

सेलवरच्या घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झचा एक बारीक तुकडा असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरते. त्या एका ठोक्याला मशीनमधल्या वेटोळ्यात क्षणभर वीज जाते, छोटंसं चुंबक अर्धा फेरा घेतं आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. साध्या घड्याळाचं हे क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं, त्याहून फारसं नाही. त्यामुळे स्वयंपाकघरातलं घड्याळ दिवसाला दहा मिनिटं मागे पडतं, तेव्हा ते हळू चालत नसतं. ते दिवसभरात सहाशे ठोके चुकवत असतं. ठोका पडतो, पण काटा उचलला जात नाही.

का उचलला जात नाही, हे घड्याळ भिंतीवरूनच सांगतं. सेकंदकाटा बाराकडून सहाकडे उतरतो तेव्हा त्याचंच वजन त्याला मदत करतं. सहाकडून बाराकडे मात्र चढण आहे, आणि काटा नऊपाशी अगदी आडवा होतो तिथे चढण सगळ्यात अवघड. म्हणून बळ कमी पडलं की काटा नऊच्या आसपास उचकी लागल्यासारखा जागच्या जागी थडथडतो. तो तिथे अडला असेल तर मेंदू शाबूत आहे, ताकद कमी पडते आहे. कुठेच हालचाल नसेल तर गोष्ट निराळी. आणि दर वेळी मिनिटकाट्यापाशी येऊन अडत असेल तर आधी काटे एकमेकांना किंवा काचेला घासत नाहीत ना, ते बघावं. तो दोष ना सेलचा, ना मशीनचा.

आमच्या स्वयंपाकघरातलं नऊवर अडलं होतं. नवा सेल घातला तरी तेच. मग मी ते ओट्यावर उताणं ठेवलं, तर चालू लागलं! आडव्या घड्याळात चढण उरत नाही, म्हणून कमी बळावरही काटा फिरतो. पण बळ वाटेत कुठे गळतंय, हे एवढ्यावरून कळत नाही. सेलच्या खोबणीत डोकावलं, तर उणे टोकाच्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड बसली होती. जुना सेल केव्हातरी पाझरला असणार. सेल बोटाने किंचित फिरवला की टिकटिक सुधरायची, सोडला की पुन्हा उचकी. मग तारेचा एक तुकडा घेतला. दोन्ही टोकं सोलून एक सेलच्या बुडाला दाबलं, दुसरं स्प्रिंगच्या आतल्या, स्वच्छ भागाला. घड्याळ पुन्हा उभं धरलं. काटा नऊ ओलांडून वर गेला. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, गंजातून पुरेशी वीज जात नव्हती.

इथे मल्टिमीटर फसवू शकतो, हे सांगायला हवं. गंजलेल्या पत्तीवरही तो दीड व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ वीज ओढतच नाही. खरी ओढ ठोक्याच्या क्षणी असते आणि नेमका तेव्हाच गंज आडवा येतो. म्हणून तारेच्या तुकड्यावर माझा जास्त विश्वास.

साफसफाई सोपी. सेल काढायचा, पूड कोरड्या ब्रशने झटकायची, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासायचं, स्प्रिंग जराशी ओढून ताठ करायची. पाणी आत मशीनकडे जाऊ द्यायचं नाही. मात्र पत्तीवरचा मुलामाच उडाला असेल तर हा उपाय पावसाळ्यापर्यंतचा, कोकणात तर तेवढाही नाही.

हॉलमधल्या घड्याळाची तऱ्हा वेगळी होती. पत्त्या लखलखीत, सेल नवा, तारेची युक्ती केली तरी काटा नऊवरच. सेकंदकाटा हलकेच ओढून काढला, तर मिनिटकाटा बिनतक्रार चालला. परत बसवला की अडला. एका पातळ काट्याचं ओझंही पेलत नसेल, तर आतली प्लॅस्टिकची चाकं झिजलेली किंवा जुनं वंगण घट्ट झालेलं. ते उघडून तेल घालणारे उत्साही लोक मला माहीत आहेत. तेलाला धूळ चिकटते आणि काही महिन्यांनी घड्याळ पुन्हा तिथेच येतं.

त्यापेक्षा मशीनच बदलावं. मागचा तो काळा चौकोनी डबा दुकानात सुटा मिळतो. काटे काढले, तबकडीवरची चकती सोडवली की जुना बाहेर येतो. तबकडीतून पुढे येणाऱ्या दांड्याची लांबी तेवढी जुळवून घ्यावी लागते, म्हणून जुनं मशीन खिशात टाकूनच दुकानात जावं आणि जमलं तर काटेही सोबत न्यावेत, कारण त्यांची भोकंही प्रत्येक मशीनला बसतातच असं नाही.