रेनकव्हरच्या तळाशी

"अरे, सॅकच घ्यायची ना? दुकानात एवढा वेळ काय चाचपत बसतोस?"

चाचपतो, कारण दुकानदार दाखवतो ते सगळं वरवरचं असतं. 'वॉटरप्रूफ आहे साहेब' म्हणत तो कापडावर बाटलीतलं पाणी ओततो, थेंब घरंगळतात, गिऱ्हाईक खूश. पण कापडातून पाणी सहसा येतच नाही. साध्या, 600 डेनियर जाडीच्या धाग्याच्या पॉलिएस्टरलाही बहुधा आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा थर असतो. पाणी शिरतं ते चेनमधून आणि शिवणीतल्या सुईच्या भोकांतून. ओतायचंच तर तिथे ओता, असं मी एकाला म्हणालो तर त्याने बाटलीला झाकण लावलं.

जुलैतली ती संध्याकाळ तुम्हाला अर्धीच माहीत आहे. गाड्या रखडलेल्या, ठाण्याच्या पुलावर मुंगीला जागा नाही, आणि माझ्या सॅकवर तिच्याबरोबरच मिळालेलं रेनकव्हर घट्ट बसवलेलं. मी निर्धास्त. आता हे कव्हर झाकतं सॅकची पुढची बाजू. पाठीला टेकणारी बाजू उघडीच राहते, कारण पट्टे तिथूनच निघतात. छत्रीवरून मानेवर पडणारं पाणी पाठीवरून, पट्ट्यांवरून ओघळत खाली गेलं आणि कव्हरच्या तळाशी साठलं. बऱ्या कव्हरला तळाशी पाणी जायला एक भोक ठेवलेलं असतं. माझ्या कव्हरला नव्हतं. पाणी अडवायला लावलेल्या कव्हरने पाणी साठवून धरलं, आणि सॅकचा तळ घरी पोहोचेपर्यंत त्यात बसून राहिला. लॅपटॉपचा कप्पा थेट तळाच्या शिवणीपर्यंत उतरलेला. शिवणीतून आलेलं पाणी कप्प्यातल्या स्पंजने ओढून घेतलं, आणि लॅपटॉपची खालची कड त्या ओल्या स्पंजवर टेकलेली.

घरी आलो तर डबा कोरडा, वही कोरडी. लॅपटॉप चालू केला, झालाही. सकाळी झाला नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मागचं झाकण काढून आतला छोटा स्टिकर दाखवला. पाणी लागलं की तो लाल होतो. झाला होता. असलं नुकसान वॉरंटीत बसत नाही हे त्याने अगदी सौम्यपणे सांगितलं, मग मदरबोर्डचा खर्च सांगितला. मी त्याला "पण वही कोरडी होती" हे पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. त्याने ते ऐकूनही घेतलं.

तर आता मी काय चाचपतो ते सांगतो. एक हात लॅपटॉपच्या कप्प्यात तळापर्यंत घालतो, दुसरा सॅकखाली बाहेरून धरतो. मधे दोनेक बोटांची पोकळी लागली तर कप्पा टांगलेला आहे. हातांमधे नुसतं कापड लागलं तर सॅक परत. पावसाचे चार महिने सोडा, सॅक ऑफिसच्या फरशीवर आपण रोजच टेकवतो, आणि कप्पा टांगलेला नसेल तर तो दणका थेट लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसतो.

पट्टा चिमटीत दाबतो. बोटांना बोटं लागली तर तो फोम पहिल्या पावसाळ्यातच पापड होणार. पट्टा वरच्या शिवणीत नुसता खुपसलाय की आडव्या दाट टाक्यांनी पक्का केलाय, तेही बघतो.

चेन मात्र नुसती ओढून कळत नाही. रनरच्या मागे बऱ्याचदा 5, 8, 10 असा आकडा असतो, म्हणजे मिटलेल्या दातांची साधारण रुंदी मिलिमीटरमध्ये. मोठ्या कप्प्याला मला 8 किंवा 10 लागतो. सॅक ठासून भरून कोपऱ्याच्या वळणावर चेन लावून पाहतो. रनर झिजला की तो पुढे सरकतो आणि मागे दात उघडेच राहतात. पकडीने दाबला तर काही दिवस निघतात, मग रनरच बदलावा लागतो. त्या गुळगुळीत, पाणी न शिरणाऱ्या म्हणवणाऱ्या चेनचं मला कौतुक नाही. वळणावर तिचा थर चिरतो. त्यापेक्षा साधी चेन आणि वर कापडाची झडप बरी.

आणि हो, एवढं बघून घेतलेल्या सॅकमध्येही पावसाळ्यात मी लॅपटॉप जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच ठेवतो. तुमच्याआधी मीच मला विचारलं होतं, मग सहाशे रुपयांची सॅक आणि ही पिशवी एवढ्यावर भागलं नसतं का? पाण्यापुरतं भागलं असतं, खरंय. पण पट्टा भर गर्दीत तुटला तर पिशवी काय करणार? यावर आतला जुना मी म्हणतो, तुझा पट्टा तुटला कधी होता? नव्हता. तरी.

शिवाय आपल्या दमट हवेत हा पीयूचा थर काही वर्षांनी चिकट होतो, त्याचे पापुद्रे सुटतात, सॅक कितीही महागाची असो. म्हणजे पुन्हा दुकान आलंच. तेव्हा तुम्ही बाहेर चहा घेत थांबा, मला वेळ लागेल.