सोळा चौकटींची राखीची मेल

मी पुण्यात भेटवस्तूंच्या एका छोट्या ऑनलाइन दुकानात काम करते. २०२५ मध्ये राखीपौर्णिमा शनिवारी, ९ ऑगस्टला होती आणि जुलै लागताच मालकीणबाईंनी सांगितलं, "भेटवस्तूंची एक मेल कर. बजेटप्रमाणे आणि नात्याप्रमाणे लाव, म्हणजे लोकांना शोधत बसावं लागणार नाही."

मी तक्ताच आखला. आडव्या ओळीत बजेट: ५०० च्या आत, ५०० ते १०००, १००० ते २०००, त्याच्या वर. उभ्या ओळीत नाती: भाऊ, बहीण, वहिनी, भाचरं. सोळा चौकटी आणि प्रत्येकीत तीन वस्तू. लॅपटॉपवर झकास दिसत होतं. मग चाचणीची मेल स्वतःच्या फोनवर उघडली. सोळा चौकटी एकाखाली एक आल्या होत्या आणि भाचरांपर्यंत पोचण्याआधीच जीमेलने मेल कापली होती. मेलचा कोड साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल पुढचा भाग लपवतं. आधी वाटलं, फोटो जड झाले असतील. पण फोटो त्यात धरलेच जात नाहीत. तयार साच्यात चौकट वाढवली की तिच्यामागे कोडचा ढीग वाढत जातो, तो भोवला होता. कापलेल्या भागात 'यापुढे मेल नको' ही लिंकही गेली. राखीची मेल काहींना मनापासून नको असते, भाऊ गमावलेल्यांना तर नक्कीच. ती लिंक मी आता सगळ्यात वर ठेवते.

चौकटी कमी करायच्या होत्या, पण कोणत्या? उत्तर पॅकिंग करणाऱ्या मावशींकडून मिळालं. त्या म्हणाल्या, "अगं, भाऊ फोन करतो तेव्हा विचारतो, हजारात काय येईल? बहीण विचारते, वहिनीला काय पाठवू?" खरंच होतं. ओवाळणी द्यायची असते भावाला. कोणासाठी हा प्रश्न त्याला पडतच नाही, त्याला फक्त आकडा ठरवायचा असतो. बहिणीला मात्र एका पाकिटात दादाची राखी, वहिनीच्या बांगडीला बांधायची लुंबा राखी, भाच्यासाठी कार्टूनची राखी आणि वर एखादा छोटा खाऊ असं सगळं बसवायचं असतं. तिचं डोकं नात्याने चालतं.

म्हणजे मेल एक नव्हतीच, दोन होत्या. बहिणींची मेल नात्याप्रमाणे लावली आणि सोमवारी, २१ जुलैलाच पाठवली, कारण राखी परगावी पोचायला दिवस लागतात. भावांची फक्त बजेटप्रमाणे, तीन गटांत, गुरुवारी ३१ जुलैला. दुसरीत नात्याचा उल्लेख एवढाच ठेवला: 'ताईसाठी' आणि 'धाकटीसाठी'. कोण बहीण, कोण भाऊ हे आमच्या यादीत नोंदलेलं नव्हतं. मागच्या वर्षी ज्यांनी राखी घेतली ते पहिल्या गटात, ज्यांनी राखीच्या आठवड्यात नुसती भेटवस्तू घेतली ते दुसऱ्यात. ज्यांचं काहीच कळेना, त्यांना वर दोन मोठी बटणं दिली: 'राखी पाठवायची आहे' आणि 'ओवाळणी द्यायची आहे'.

बजेटच्या गटांतही मी एकदा आपटले. '५०० च्या आत' मध्ये ४९९ चा मेणबत्त्यांचा संच होता. वर ६० रुपये पोचवण्याचे, म्हणजे हातातून जाणार ५५९. एका दादांनी फोनवर सुनावलं, "पाचशेच्या आत म्हणता आणि शेवटी साडेपाचशेच्या वर नेता!" त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून गट छापील किमतीवर नाही, शेवटच्या पानावर जी एकूण रक्कम दिसते तिच्यावर पाडते. त्या हिशेबाने पहिल्या गटात ४४० पर्यंतच्याच वस्तू बसतात. उरल्या मोजून सहा आणि त्यातले दोन चॉकलेटचे डबे. गट केविलवाणा दिसत होता, पण खोटा नव्हता.

लिंक कुठे न्यायची यावर मालकीणबाईंशी थोडी घासाघीस झाली. त्यांना प्रत्येक फोटो थेट त्या वस्तूवर न्यायचा होता. पण मेल गेली की ती बदलता येत नाही आणि राखीच्या आठवड्यात माल दुपारी असतो, संध्याकाळी नसतो. शेवटी फोटोची लिंक त्या बजेटच्या पानावर दिली. ते पान रोज सकाळी मी हाताने बघायची आणि संपलेली वस्तू काढून त्याच किमतीतली दुसरी लावायची.

६ ऑगस्टला, बुधवारी, भावांना शेवटची मेल गेली. बाहेरगावी पार्सल वेळेत पोचण्याची खात्री आता नव्हती, म्हणून तिच्यात दोनच गोष्टी होत्या: पुण्यात त्याच दिवशी घरपोच मिळणारे डबे आणि मेलवर पाठवायची गिफ्ट व्हाउचर. त्यात मात्र बजेटचे गट लावायला मी साफ विसरले. दुपारपर्यंत तीन फोन आले आणि तिघांचाही प्रश्न एकच: "हजारात काय येईल?"